पैठणीचा राणी कलर मॅट कागदावर उतरवताना: सॉफ्ट प्रूफिंगचा अनुभव

जानेवारीत आमच्या ग्रुपमधे मेसेज आला की मार्च महिन्यात एक छोटं फोटो प्रदर्शन आहे, प्रत्येकाने एकच फोटो द्यायचा, 12 बाय 18 इंच, प्रिंट स्वतःच्या खर्चाने, काच लावायची नाही, आणि फॉर्ममधे कागदाचं नाव आणि प्रिंट करणाऱ्या लॅबचं बिल जोडायचं. शेवटची तारीख 10 मार्च. फोटो ठरलेलाच होता, पैठणला एका घरात मागावर बसलेल्या मावशींचा. खोलीत एकच खिडकी, तिथून येणारा उजेड सरळ मागावरच्या राणी कलरच्या रेशमावर, बाकी सगळी खोली अंधारी, आणि खाली खड्ड्यात मावशींचे पाय दिसतात न दिसतात असे. स्क्रीनवर हा फोटो फार सुंदर दिसतो. पण चटक राणी रंग आणि खोल अंधार या दोन्हीच बाबतीत कागद कमी पडतो, म्हणून प्रिंटला द्यायच्या आधी सॉफ्ट प्रूफिंग नीट करायचं ठरवलं. मराठीत याबद्दल कुणी स्टेप बाय स्टेप लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून आता सगळं झाल्यावर क्रमाने लिहितेय, कुणाला तरी उपयोग होईल.

आधी दोन ओळीत, सॉफ्ट प्रूफिंग म्हणजे काय. प्रत्येक प्रिंटर, शाई आणि कागद यांच्या जोडीची एक छोटी फाइल असते, तिला आयसीसी प्रोफाइल म्हणतात. त्या जोडीला कोणते रंग जमतात, किती काळा काळा येतो, कागदाचा पांढरा किती पिवळट किंवा निळसर आहे, हे सगळं त्या फाइलमधे मोजून ठेवलेलं असतं. (1993 मधे काही कंपन्यांनी एकत्र येऊन हा फॉरमॅट ठरवला म्हणून सगळ्या सॉफ्टवेअरमधे एकच फाइल चालते.) लाईटरूम किंवा फोटोशॉप ती फाइल वाचून स्क्रीनवरच दाखवतं की हा फोटो त्या कागदावर साधारण कसा दिसेल. लाईटरूममधे ही सोय 2012 च्या चौथ्या व्हर्जनपासून आहे, फोटोशॉपमधे तर त्याच्याही आधीपासून.

म्हणजे सगळ्यात पहिलं काम स्क्रीनवर नाही, फोनवर आहे. लॅबकडून प्रोफाइल मागवायची.

जालन्यात आमच्याकडे लग्नाच्या अल्बमचं काम करणाऱ्या लॅब चांगल्या आहेत पण कॉटनच्या मॅट कागदावर इंकजेट प्रिंट करणारं मला कुणी माहीत नव्हतं, त्यामुळे पुण्यातली एक लॅब शोधली. 12 जानेवारीला फोन केला. तिथले दादा म्हणाले, “ताई, फाइल पाठवा, आम्ही करून देतो, प्रोफाइलचं कशाला टेन्शन घेता.” मी म्हणलं, मला आधी घरी बघायचंय. मग त्यांनी मेल करायला सांगितलं. मेल केला, पाच सहा दिवस काहीच नाही, परत फोन केला, मग 19 तारखेला दोन प्रोफाइल आल्या, एक 308 जीएसएमच्या कॉटन मॅट कागदाची आणि एक बरायटा नावाच्या सेमीग्लॉस कागदाची.

मेलमधे मी चार गोष्टी विचारल्या होत्या आणि त्या प्रत्येकाने विचाराव्यात असं मला वाटतं. पहिली, ही प्रोफाइल तुमच्याच प्रिंटरवर मोजून बनवलेली आहे की कागदाच्या कंपनीच्या साइटवरची आहे. दोन्ही चालतात, पण कंपनीची असेल तर ती तुमच्या नेमक्या प्रिंटर मॉडेलची पाहिजे, कारण तोच कागद दुसऱ्या कंपनीच्या प्रिंटरवर घातला की शाई बदलते आणि प्रोफाइल निरुपयोगी होते. दुसरी, मॅट कागदासाठी मॅट ब्लॅक शाई वापरता ना. बरायटासाठी फोटो ब्लॅक लागते, मॅटवर तीच वापरली तर काळा आणखी करडा येतो. तिसरी, प्रिंट करताना रेंडरिंग इंटेंट, म्हणजे कागदावर न बसणारे रंग बसवायची पद्धत, कोणता ठेवता, कारण मी घरी एक बघायचं आणि त्यांनी दुसऱ्याने छापायचं याला अर्थ नाही. चौथी, फाइल कोणत्या कलर स्पेसमधे हवी. उत्तर आलं: मॅट ब्लॅक, रिलेटिव्ह, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन चालू, फाइल अडोबी आरजीबी टिफमधे, प्रोफाइलला कन्व्हर्ट करू नका, ते आम्ही करतो. हा मेल मी जपून ठेवला, पुढे कामाला आला.

प्रोफाइल टाकणं सोपं आहे. विंडोजवर `.icc` फाइलवर राइट क्लिक करून Install Profile, झालं. मॅकवर ती `~/Library/ColorSync/Profiles` मधे टाकायची. मग लाईटरूम बंद करून परत चालू करायचं, नाहीतर नवी प्रोफाइल यादीत दिसत नाही. ज्यांच्याकडे लाईटरूम नाही त्यांच्यासाठी डार्कटेबल फुकट आहे, त्यातही सॉफ्ट प्रूफ आहे, डार्करूममधे Ctrl+S दाबायचं, पण प्रोफाइल त्याच्या स्वतःच्या `color/out` फोल्डरमधे ठेवावी लागते.

यानंतरचा टप्पा लोक सगळ्यात जास्त टाळतात, तो म्हणजे मॉनिटर. सॉफ्ट प्रूफ म्हणजे मॉनिटरच्या रंगात कागदाचे रंग दाखवणं, आता मॉनिटरच खरं दाखवत नसेल तर पुढचं सगळं फुकट. माझा लॅपटॉप स्वस्तातला, त्याच्या स्पेसिफिकेशनमधे 45% एनटीएससी लिहिलेलं आहे. असं लिहिलेलं दिसलं की समजायचं, हा पॅनल एसआरजीबी या साध्या कलर स्पेसचेसुद्धा साधारण 60 ते 65 टक्केच रंग दाखवतो, राणी कलर त्यावर मुळातच फिका. या लॅपटॉपवर प्रूफिंग करण्यात काही राम नव्हता. भावाकडे ऑफिसच्या कामाचा एक आयपीएस मॉनिटर होता, जवळजवळ पूर्ण एसआरजीबी दाखवणारा, तो फेब्रुवारीपर्यंत मागून घेतला.

कॅलिब्रेशनचं यंत्र विकत घ्यायचं तर बऱ्यापैकी पैसे जातात, आणि एका फोटोसाठी ते परवडत नाही. संभाजीनगरच्या एका ओळखीच्या वेडिंग फोटोग्राफरने वीकेंडसाठी 600 रुपये भाड्याने दिलं, 2,000 डिपॉझिट, परत दिल्यावर मिळाले. छोटं माउससारखं यंत्र असतं, स्क्रीनवर टेकवून ठेवायचं, सॉफ्टवेअर एकेक रंग दाखवतं आणि ते मोजत जातं. टार्गेट मी असं ठेवलं: व्हाइट पॉइंट डी65, गॅमा 2.2 आणि ब्राइटनेस 90 कँडेला. प्रिंटच्या कामासाठी 80 ते 120 च्या मधे ठेवतात. यंत्राने मोजून ब्राइटनेस खाली आणायला लावला तेव्हा मॉनिटरचा आकडा 80 वरून 22 वर आला, आणि घरचे म्हणाले स्क्रीन बिघडली का काय. आधीच्यासारख्या उजळ स्क्रीनवर एडिट केलेला फोटो प्रिंटमधे अंधारा येणारच, ‘प्रिंट डार्क आली’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथंच असतं. यंत्र नाहीच मिळालं तर एक जुगाड सांगते, पांढरा कोरा कागद खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात धरा आणि स्क्रीनवर पांढरी विंडो उघडून ब्राइटनेस इतका कमी करा की दोन्ही सारखे उजळ वाटतील. रंग यातून दुरुस्त होत नाहीत, पण निदान उजेडाचा अंदाज येतो.

खोलीतली ट्यूबलाइट स्क्रीनवर पडत होती तिची जागा बदलली, पडदा लावला, आणि एडिटिंग रोज संध्याकाळी त्याच वेळेला, त्याच उजेडात केलं. आमच्याकडे मधेच लाइट जाते, इन्व्हर्टरवर चालणाऱ्या बल्बचा रंग वेगळा, त्यामुळे लाइट गेली की रंगाचं काम थांबवायचं असा नियमच केला.

25 जानेवारीला पहिल्यांदा प्रूफ उघडलं. लाईटरूमच्या Develop मधे फोटो उघडून S दाबलं की फोटोच्या मागची पार्श्वभूमी पांढरी होते आणि उजवीकडे हिस्टोग्रामखाली Soft Proofing चे ऑप्शन येतात. Profile मधे Other… वर जाऊन आलेली प्रोफाइल टिक करायची, मग ती यादीत येते. Intent मधे Relative निवडलं, लॅबने सांगितलं होतं तेच. फोटोशॉपवाल्यांसाठी हेच View > Proof Setup > Custom मधे आहे, तिथे Preserve RGB Numbers ची टिक काढून ठेवायची आणि Black Point Compensation ची ठेवायची, मग Ctrl+Y ने चालू बंद करता येतं.

त्यानंतर Simulate Paper & Ink ची टिक केली. इथं पहिल्यांदा करणारे सगळेच दचकतात. फोटोवर कुणी राख टाकल्यासारखं होतं, पांढरं मळकट, काळं करडं, रेशमाची चमकच गेली. पण हे जे दिसतं ते खरं आहे आणि त्याचं कारण आकड्यात सांगता येतं. चांगल्या मॉनिटरवर पांढऱ्या आणि काळ्यात 1000 ला 1 चा फरक असतो. मॅट कॉटन कागदावर सगळ्यात काळी शाई छापली तरी तिची डेन्सिटी साधारण 1.6 ते 1.7 असते, म्हणजे तो काळा भागसुद्धा पडणाऱ्या उजेडातला दोन ते अडीच टक्के परत फेकतो. कागदाचा पांढरा साधारण नव्वद टक्के फेकतो. भागाकार केला की फरक येतो चाळीसला एक च्या आसपास. बरायटासारख्या चकचकीत कागदावर डेन्सिटी 2.3 च्या आसपास जाते, तिथं हाच फरक 180 ला एक पर्यंत पोचतो. म्हणजे स्क्रीनवरचा सगळा अंधार-उजेड या छोट्या पट्टीत बसवायचाय.

बघायची पण एक पद्धत आहे, ती पाळली तर दचकायला होत नाही. टिक करताना स्क्रीनकडे बघायचंच नाही. मान वळवायची, टिक करायची, Shift+Tab दाबून बाजूचे सगळे पॅनल लपवायचे म्हणजे स्क्रीनवर दुसरं काही भगभगीत पांढरं राहत नाही, आणि मग अर्धा मिनिट नुसतं फोटोकडे बघायचं. डोळा त्या मळकट पांढऱ्यालाच पांढरं मानायला लागतो आणि फोटो परत उभा राहतो. फोटोच्या भोवती पांढरी पार्श्वभूमी ठेवायची ती याचसाठी, प्रिंटलाही पांढरी बॉर्डर असणारच आहे ना. मग लक्षात यायला लागतं की चमक गेली हा मुद्दा नाहीच, ती कागदावर जाणारच आहे, मुद्दा हा आहे की काय *हरवतंय*. माझ्या फोटोत दोन गोष्टी हरवत होत्या, रेशमाच्या घड्या आणि खड्ड्यातले पाय.

कामाला हात लावायच्या आधी Create Proof Copy दाबून घ्या. त्याने मूळ फोटोला धक्का न लावता एक व्हर्च्युअल कॉपी तयार होते, तिला प्रोफाइलचं नाव पण लागतं, म्हणजे सहा महिन्यांनी उघडलं तरी कळतं ही कोणत्या कागदासाठी होती.

आता रेशीम. हिस्टोग्रामच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात कागदाचं चिन्ह आहे, त्यावर क्लिक केलं की कागदावर न येणारे रंग लाल भडक दिसतात. माझ्या फोटोत मागावरचा राणी कलरचा पूर्ण पट्टा लाल झाला, काठातले पोपटी मोर मात्र बरेचसे वाचले. डाव्या कोपऱ्यात मॉनिटरचं चिन्ह आहे, त्याने मॉनिटरला न दाखवता येणारे रंग निळे दिसतात, आणि दोन्ही एकदम चालू केले की दोघांनाही न जमणारे भाग गुलाबीसर दिसतात. रेशमाचा सगळ्यात चटक भाग तिसऱ्या प्रकारात गेला. याचा अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे, तिथला खरा रंग मला मुळात स्क्रीनवरच दिसत नव्हता, त्यामुळे त्या भागाचा निर्णय डोळ्याने घेता येणार नाही, त्याची टेस्ट प्रिंटच काढावी लागणार, हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं.

इंटेंटचं गणित मला असं समजलं. एसटी आधीच भरलेली आहे आणि स्टँडवर अजून माणसं चढली, तर एक पद्धत अशी की बसलेले सगळे थोडे थोडे सरकतात आणि नव्यांना जागा होते, हे पर्सेप्च्युअल. दुसरी पद्धत अशी की बसलेले जागचे हलत नाहीत आणि नवे सगळे दारात एकमेकांवर दाबून उभे राहतात, हे रिलेटिव्ह. रिलेटिव्हमधे जे रंग कागदावर बसतात ते जसेच्या तसे राहतात, मावशींच्या चेहऱ्याचा रंग, भिंतीचा मातकट रंग, पितळी जर, सगळं बरोबर. पण न बसणारे राणी रंगाचे कमी जास्त छटा सगळे एकाच कडेवर येऊन दाबले जातात, आणि घडी दिसते ती मुळात छटांच्या फरकाने, फरक गेला की रेशमाचा सपाट गुलाबी पट्टा उरतो. पर्सेप्च्युअल करून पाहिलं, घड्या थोड्या परत आल्या पण चेहरा आणि भिंत पण फिकी पडली. एका साडीसाठी पूर्ण खोली फिकी करायची हे मला पटलं नाही, म्हणून रिलेटिव्हच ठेवून रेशीम हाताने दुरुस्त करायचं ठरवलं.

रेशमाचा मास्क केला, म्हणजे फक्त रेशीमच निवडलं, आणि तेवढ्यातच Saturation उणे 14 केलं. लाल खूण अजून होतीच. ती पूर्ण जाईपर्यंत स्लायडर ओढायचा मोह होतो, तो आवरा, कारण ती खूण फक्त हो किंवा नाही सांगते, रंग कागदाच्या कडेपासून एक पाऊल बाहेर आहे की दहा पावलं हे सांगत नाही. मी उणे 35 पर्यंत नेऊन पाहिलं तेव्हा लाल गेलं पण राणी कलर जाऊन धुतलेली कॉटनची साडी राहिली. म्हणून खूण बंद करून टाकली आणि 100 टक्के झूम करून फक्त एका जागेकडे बघत बसले, मागाच्या तुळईवरून रेशीम जिथे वळतं तिथे तीन घड्या आहेत, त्यातली मधली घडी वेगळी दिसते का नाही. उणे 14 ला दिसायला लागली. मग त्याच मास्कमधे Highlights थोडे खाली आणि Texture 12 वर, म्हणजे रंगाच्या फरकातून गेलेली घडी उजेड सावलीच्या फरकातून परत मिळते. रेशमाची घडी कागदावर वाचवायचा हाच रस्ता मला सगळ्यात उपयोगी वाटला, चटकपणा थोडा सोडायचा आणि उजेडाने भरपाई करायची.

खालच्या खड्ड्याचं काम याच्या उलट. तिथे रंग नाहीतच, नुसता अंधार, आणि त्या अंधारात पाय आणि पायाने दाबायच्या लाकडी फळ्या. ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशनमुळे स्क्रीनवरचा पूर्ण काळा कागदाच्या सगळ्यात काळ्यावर आणून बसवला जातो म्हणून अंधार एकदम कापला जात नाही, पण जवळजवळच्या काळ्या छटा एकमेकीत मिसळतात. पूर्ण फोटोचे Shadows वर नेले तर अख्खी खोलीच करडी होते आणि खिडकीच्या उजेडाचा जोर जातो. त्यामुळे फक्त खड्ड्यापुरता मास्क, Shadows अधिक 22, आणि टोन कर्व्हचा खालचा भाग किंचित वर. मागाच्या बाजूचा कोपरा मात्र मुद्दाम पूर्ण काळा सोडला. फोटोत एक तरी जागा कागदाचा सगळ्यात काळा रंग वापरणारी लागते, तिच्याशी तुलना करूनच बाकीचे काळे खोल वाटतात. Y दाबून मूळ फोटो आणि प्रूफ कॉपी शेजारी शेजारी ठेवून तपासत होते.

मधल्या काळात बरायटाची प्रोफाइल पण लावून बघितली. प्रोफाइल बदलली की लगेच कळलं, खड्डा काही न करता उघडला, रेशमावरची लाल खूण निम्म्याहून कमी झाली. स्क्रीनवर बघून निर्णय घ्यायचा असता तर मी बरायटाच घेतला असता. पण सॉफ्ट प्रूफ कागदाचा ग्लेअर दाखवत नाही. प्रदर्शनात काच नाही, वरून स्पॉटलाइट, आणि माझ्या फोटोचा अर्धा भाग काळा, सेमीग्लॉस कागदावर काळ्या भागात दिव्याचं आणि बघणाऱ्याचं प्रतिबिंब येतं आणि ज्या अंधारासाठी तो कागद घ्यायचा तोच झाकला जातो. त्यामुळे मॅटवर राहिले. कागदाचा पोतही सॉफ्ट प्रूफमधे दिसत नाही, त्यासाठी लॅबकडून नमुन्याचे तुकडे मागवा, माझ्या लॅबने कुरियरच्या पैशात पाठवले.

6 फेब्रुवारीला टेस्ट स्ट्रिपची फाइल दिली. पूर्ण फोटो छोटा करून छापण्यात फायदा नाही. एका ए4 वर मी चार तुकडे खऱ्या साइजमधे लावले, घड्या दुरुस्तीच्या आधीच्या, घड्या दुरुस्तीनंतरच्या, खड्डा, आणि मावशींचा चेहरा. खर्च 350 रुपये आणि कुरियर 120. लॅबने सांगितलं होतं पेमेंट आल्याशिवाय नंबर लागत नाही, तर यूपीआय करून स्क्रीनशॉट पाठवला, तरी मधे रविवार आला, स्ट्रिप 13 ला हातात पडली. शेवटच्या तारखेतून मागे मोजून टेस्टसाठी दोन आठवडे वेगळे ठेवा, गावाकडे राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

स्ट्रिप आधी रात्री ट्यूबखाली उघडली, तिथे चेहरा निळसर पांढरा वाटला. सकाळी खिडकीजवळ, ऊन थेट न पडेल असं धरून बघितली तर चेहरा स्क्रीनवरच्या प्रूफशी जवळजवळ तंतोतंत. प्रोफाइल डी50 उजेड धरून बनवलेल्या असतात आणि घरातल्या पांढऱ्या एलईडी बहुतेक 6500 केल्विनच्या, त्यातल्या बऱ्याच लाल रंगाला अन्याय करणाऱ्या, म्हणून प्रिंटचा न्याय ट्यूबखाली करू नये. घड्यांचा अंदाज बरोबर निघाला, आधीच्या तुकड्यात सपाट पट्टा, नंतरच्या तुकड्यात मधली घडी स्वच्छ. राणी कलर मात्र स्क्रीनवर होता त्यापेक्षा थोडा जांभळ्याकडे झुकलेला, हा तोच भाग जो मॉनिटरला दाखवताच येत नव्हता. त्यासाठी मास्कमधे Hue लालकडे अगदी किंचित सरकवला, स्क्रीनवर फरक कळतही नव्हता, स्ट्रिपच्या भरवशावर केला.

आणि उजेड. खिडकीजवळ खड्ड्यातले पाय दिसत होते, खोलीच्या भिंतीवर स्ट्रिप टाचून लावली की नाही. हे सॉफ्ट प्रूफ सांगू शकत नाही, प्रिंट कोणत्या दिव्याखाली लागणार हे त्याला माहीत नाही. आयोजकांना फोन केला, ते म्हणाले, “हॉलमधे पिवळे स्पॉट आहेत ताई, पण सगळ्या फोटोंवर सारखे पडतीलच असं नाही.” म्हणून प्रूफ कॉपीवर Exposure फक्त 0.20 वाढवलं, तेवढंच. जास्त वाढवलं असतं तर चांगल्या स्पॉटखाली खिडकीचा भाग उडाला असता.

फायनल फाइल 18 फेब्रुवारीला पाठवली. एक्सपोर्ट करताना TIFF, 16 बिट, AdobeRGB, 300 पीपीआय, 5400 बाय 3600 पिक्सेल, शार्पनिंग Matte Paper आणि Standard. इथे एक नीट बघा, एक्सपोर्टच्या कलर स्पेसमधे कागदाची प्रोफाइल निवडायची नाही, लॅबने स्वतः सांगितलं असेल तरच. लॅबच्या ऑर्डर फॉर्ममधे रिमार्कचा रकाना होता तिथे मराठीतच लिहिलं: रिलेटिव्ह, ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन चालू, ऑटो करेक्शन बंद, चारी बाजूंनी एक इंच पांढरी बॉर्डर, आणि सोबत त्यांचाच जानेवारीतला मेल जोडला. ऑर्डर घेणारा मुलगा वेगळा होता, त्याने फोन करून विचारलं, “ताई, फोटो जरा फिका वाटतोय, कलर वाढवू का?” म्हणलं नको भाऊ, मॅट प्रोफाइल लावून बघा. त्याने लावलं आणि म्हणाला ठीक आहे.

प्रिंट 1,450, ट्यूब पॅकिंग आणि कुरियर 200, बिलावर नाव आणि कागदाचं पूर्ण नाव टाकून घेतलं कारण प्रदर्शनाच्या फॉर्मला तेच लागणार होतं. लॅबने प्रिंट एक दिवस सुकवून मगच गुंडाळली, हे सांगून ठेवायला पाहिजे, ताज्या प्रिंटचा रंग पहिल्या काही तासात थोडा हलतो. 27 ला जालन्यात मिळाली. खिडकीजवळ स्क्रीनच्या शेजारी धरली. घड्या तिन्ही आहेत, पोपटी मोर आहेत, पाय आहेत, राणी कलर आता राणीच दिसतो. स्क्रीनवरचं रेशीम अजूनही जास्त झगझगीत आहे आणि ते तसंच राहणार. मॉनिटरचं भाडं नाही, यंत्राचे 600 धरून सगळा खर्च 2,720 झाला, बॅकिंग बोर्ड वेगळा.

3 मार्चला प्रिंट जमा केली. पैठणला मावशींना एक छोटी प्रिंट द्यायची आहे म्हणून परवा लॅबला परत फोन केला, तर कळलं की त्यांनी प्रिंटर बदललाय, नवीन प्रोफाइल बनवायचं काम चालू आहे, पुढच्या आठवड्यात मेल करतो म्हणाले. म्हणजे जुनी प्रोफाइल यादीतून काढून टाकायची, नवी आली की तीच प्रूफ कॉपी नव्या प्रोफाइलखाली उघडायची, आणि पहिल्यांदा त्या मधल्या घडीकडेच बघायचं.